दोघांना एकच पत्र

देवगड तालुक्यात आंब्याचा रस काढून डबाबंद करणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे मी व्यवस्थापक आहे. हंगामात आम्ही 26 जण असतो. 2025 च्या मे महिन्यात आमच्यातल्या दोघांचं बोलणं बंद झालं आणि त्यांना समोरासमोर बसवण्यासाठी मला एक पत्र लिहावं लागलं. पत्र एक पानाचं, पण ते नीट व्हायला अकरा दिवस गेले. आधी मला वाटलं होतं, त्यात काय, दोन ओळी लिहायच्या आणि बोलवायचं. तसं लिहिलंही होतं. ते द्यायच्या आधी एका जाणत्या बाईंना दाखवलं म्हणून निभावलं.

भांडणाचं मूळ सांगते, कारण पत्रातला प्रत्येक शब्द तिथूनच आला. आमच्याकडे कॅनिंगचा हापूस किलोवर येतो. टेम्पो आला की काट्यावरचे काका माल वरवर पाहतात, वजन करतात, बागायतदाराला पावती देतात. फळ क्रेटमध्ये पिकलं की कापणी टेबलावर जातं. तिथे प्रमुख असलेली ताई, म्हणजे वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान मुलगी, निवड करून टाकाऊ फळाचं वजन वेगळं लिहिते. आता हापूसला साका धरतो हे सगळ्यांना माहीत आहे. बाहेरून फळ सोन्यासारखं दिसतं, हाताला घट्ट लागतं, आणि कापलं की कोयीजवळचा गर पांढुरका, पोकळ आणि आंबट निघतो. काट्यावर उभं राहून साका ओळखता येत नाही. तो सुरीलाच कळतो. म्हणजे पैसे ज्याच्या सहीने जातात त्याला तो दिसत नाही, आणि जिला दिसतो तिच्यापर्यंत तो पोचतो तेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

14 मेला संध्याकाळी ताईने वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "काट्यावर न बघता घेतलेला माल." दुसऱ्या दिवशी काकांनी ते वाचलं आणि टेबलावरच्या अकरा बायकांसमोर मोठा आवाज झाला. दोघंही जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, पत्रातही लिहिलं नाही. त्या दिवसापासून दोघांचे निरोप एका पोरामार्फत जाऊ लागले. एकदा 40 क्रेट पिकून तयार होते, पण तो पोरगा त्या दिवशी सुट्टीवर. कोणी कोणाला सांगितलं नाही, माल आणखी एक रात्र पडून राहिला आणि सकाळी त्यातला बराच उतरला होता. मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला, आंबा थांबला, तेव्हा मला पहिल्यांदा बसून विचार करायला वेळ मिळाला.

31 मेला रात्री मी पहिला मसुदा लिहिला. त्यातली दोन वाक्यं जशीच्या तशी देते. "तुम्हा दोघांमध्ये झालेला गैरसमज दूर करून समेट घडवून आणण्यासाठी बैठक बोलावली आहे. दोघांचीही थोडीफार चूक आहे, तरी मोठ्या मनाने यावे." मला ते अगदी समतोल वाटलं होतं.

2 जूनला ते घेऊन मी तालुक्याला एका निवृत्त शिक्षिकेकडे गेले. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. बचत गटांतले तंटे बसून सोडवायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं आहे. पत्र वाचायच्या आधीच त्यांनी विचारलं, "यात छळाचा काही भाग आहे का? पैशांची अफरातफर?" मी म्हटलं, तसं काही कानावर नाही. त्या म्हणाल्या, "कानावर नाही हे उत्तर नव्हे. त्या मुलीला एकटीला गाठून स्पष्ट विचार." लैंगिक छळाचा विषय असेल तर तो समोरासमोर बसवून मिटवायचा नसतो. 2013 च्या कायद्याप्रमाणे तो समितीकडे जातो, आणि चौकशीआधी समेटाचा प्रयत्न करायचा झाला तरी तो फक्त त्या बाईने स्वतः मागितला तरच. मी दुसऱ्या दिवशी ताईला एकटीला विचारलं. ती म्हणाली, तसलं काही नाही, वहीवरून मला खोटारडी ठरवलं त्याचा राग आहे. काकांच्या पावत्या आणि दिलेले पैसेही मी हिशेबनीसाकडून जुळवून घेतले. सगळं जुळलं. कोणी असं पत्र लिहिणार असाल तर ही दोन कामं आधी करा, मग कागद घ्या.

मग बाईंनी पेन्सिल घेतली. पहिली रेघ "गैरसमज"खाली. "म्हणजे तू ठरवून टाकलंस की खरं काही घडलंच नाही, दोघांना नुसतं वाटलं. ज्याला लागलंय त्याला हा शब्द झोंबतो." दुसरी रेघ "समेट"खाली. बसायच्या आधीच शेवट लिहून ठेवला, मग ज्याला समेट नको आहे तो येईलच कशाला? तिसरी "चूक"खाली. चूक दोघांत सारखी वाटली तरी तो निवाडाच झाला. मी "तक्रार" हा शब्द सुचवला, तर त्या म्हणाल्या, मग तक्रार करणारा एक आणि दुसरा आरोपी. "वाद" म्हटलं तर कोर्टकचेरी आठवते, "भांडण" म्हटलं तर मुलांना रागावल्यासारखं होतं. शेवटी आम्ही नामच सोडून दिलं. काय घडतंय ते दोघांनाही नाकारता येणार नाही अशा साध्या वाक्यांत लिहायचं ठरलं. कसोटी एकच: हे वाक्य काकांनी वाचलं तर ते "असं नाही" म्हणतील का? ताईने वाचलं तर?

या कसोटीवर "15 मेपासून तुम्ही एकमेकांशी बोलत नाही" हेसुद्धा टिकलं नाही. काका म्हणाले असते, मी बोलायला तयार आहे, तीच तोंड फिरवते. "कामाचे निरोप तिसऱ्या माणसामार्फत जात आहेत" हे टिकलं, कारण ते कोणीही पाहिलेलं आहे. क्रेटचं नुकसान आम्ही काढून टाकलं. ते खरं होतं, पण किलोचा आकडा आला की वाचणारा लगेच तो कोणाच्या नावावर टाकायचा ते शोधतो.

एक गोष्ट मला स्वतःहून कधी सुचली नसती. मी काकांना "तुम्ही" म्हणते आणि ताईला "तू". रोज एकाच रिक्षाने येतो आम्ही दोघी, "काय गो" म्हणूनच दिवस सुरू होतो. दोघांना वेगवेगळी पत्रं लिहिली असती तर एकात "आपण यावे" आणि दुसऱ्यात "तू ये" असं आपसूक झालं असतं. आपल्याकडे पत्रं शेजारी ठेवून बघितली जातातच. म्हणून एकच पत्र, दोघांच्या नावे, दोघांना "तुम्ही". नावं अकारविल्हे, आणि तसं पत्रात सांगायचंही. आणि ती रिक्षा लक्षात आली तेव्हाच ठरलं की बैठकीत मी असणार नाही. बाई संवाद घडवतील.

मालकांनी मसुद्यात एक ओळ घातली होती, "उपस्थित राहणे बंधनकारक आहे", आणि पत्राची एक प्रत दोघांच्या फायलीत लावायची होती. यात तीन दिवस गेले. मी त्यांना एवढंच म्हटलं की फायलीत गेलेलं पत्र म्हणजे मेमो, आणि मेमो मिळालेला माणूस बोलायला येत नाही, बचाव करायला येतो. त्यांचा प्रश्नही रास्त होता: कोणी आलंच नाही तर काय? त्याचं खरं उत्तर पत्रात लिहायचं ठरवलं. न येण्याची शिक्षा नाही, पण नोंदीची पद्धत हंगामाआधी ठरवावीच लागेल आणि मग ती कारखाना ठरवेल. 7 जूनला ते तयार झाले.

पत्र 10 जूनला द्यायचं होतं. त्या दिवशी वटपौर्णिमा, ताईचा उपास, अर्धा दिवस सुट्टी. म्हणून 11 तारीख धरली. अंतिम पत्र हे होतं, वर दोघांची पूर्ण नावं होती ती इथे गाळली आहेत:

"दि. 11 जून 2025

सप्रेम नमस्कार.

नावे अकारविल्हे लिहिली आहेत. हेच पत्र तुम्हा दोघांना आज देत आहे. याची प्रत इतर कोणाला दिलेली नाही आणि कोणाच्या फायलीत लावलेली नाही.

मे महिन्यात काही दिवशी काट्यावरची नोंद आणि कापणी टेबलावरची नोंद यांत फरक आला. तो फरक कसा लिहावा, याबद्दल तुम्हा दोघांचे म्हणणे वेगळे आहे. 15 मेपासून कामाचे निरोप तिसऱ्या माणसामार्फत जात आहेत. यावर तुम्ही दोघांनी समोरासमोर बोलावे, यासाठी हे निमंत्रण आहे.

ही चौकशी नाही. कोण बरोबर, कोण चूक, हे तिथे ठरवले जाणार नाही. बाई (नाव) दोघांना बोलायला सारखा वेळ मिळेल हे पाहतील. त्या निर्णय देणार नाहीत. त्यांचे मानधन कारखाना देणार आहे. मी किंवा मालक तिथे नसू.

दिवस: शुक्रवार, 20 जून, सकाळी 10.30 ते 12.30. जागा: वाचनालयाची वरची खोली. हा वेळ कामाचा धरला जाईल. त्याआधी 17 किंवा 18 जूनला बाई तुम्हा प्रत्येकाशी त्याच खोलीत स्वतंत्र अर्धा तास बोलतील.

तिथे बोललेले बाई कोणाला सांगणार नाहीत. जे सांगायचे असे तुम्ही दोघे मिळून ठरवाल, तेवढेच माझ्यापर्यंत येईल. कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला तर तेवढा अपवाद, आणि तो सांगण्याआधी बाई तुम्हाला कल्पना देतील.

यायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. आला नाहीत तर त्यावरून कारवाई होणार नाही. नोंदीची पद्धत मात्र पुढच्या हंगामाआधी ठरवावी लागेल. तेव्हा दोघांना स्वतंत्र विचारून ती कारखाना ठरवेल.

येताना दोन गोष्टींचा विचार करून यावा: मे महिन्यात तुमच्या कामात काय अवघड झाले, आणि पुढच्या हंगामात काय वेगळे व्हायला हवे.

सोमवार, 16 जूनच्या संध्याकाळपर्यंत मला किंवा बाईंना कळवावे. तोंडी, फोनवर किंवा चिठ्ठीने, कसेही चालेल. प्रश्न असतील तर जरूर विचारावेत.

आपली,
(सही)"

शेवटच्या प्रश्नांवर बाई अडून बसल्या होत्या. मी लिहिलं होतं, "समोरच्याकडून तुमची काय अपेक्षा आहे?" त्यांनी ते खोडलं. त्या प्रश्नाने माणूस घरून यादी करून आणतो आणि ती समोरच्याच्या वागण्याची असते. "तुमच्या कामात काय अवघड झालं" म्हटलं की तो स्वतःच्या काट्याबद्दल, स्वतःच्या सुरीबद्दल बोलतो.

इतकं सगळं करूनही देताना चूक झालीच. मी पत्रं कारखान्याच्या खाकी पाकिटात घातली. मेमो त्याच पाकिटातून जातात हे माझ्या डोक्यात आलं नाही. काका काट्याजवळ उभे होते, हातात ओला टॉवेल. पाकीट बघितल्याबरोबर त्यांनी हात पुसायचे थांबवले. "ह्या काय? माका नोटीस?" तीस वर्षांत त्यांना एकही मेमो मिळालेला नाही. मी म्हटलं, काका, नोटीस नाही, आत्ता माझ्यासमोर वाचा. त्यांनी चष्मा लावला, काट्याच्या पत्र्यावर कागद सपाट धरला आणि बोट ठेवून सगळं वाचलं. "प्रत इतर कोणाला दिलेली नाही" या ओळीवर बोट थांबलं, ती त्यांनी परत वाचली. मग घडी घालून खिशात ठेवलं, बोलले काही नाहीत. दहा मिनिटांनी ताईला दिलं. तिच्यासाठी मी पांढरं पाकीट शोधायला निघाले होते, पण मग एकाला खाकी आणि एकाला पांढरं झालं असतं, म्हणून तिलाही खाकीच दिलं. साधं पांढरं पाकीट दोन रुपयांना मिळतं. आधीच आणून ठेवा. दोन्ही पत्रं एकाच माणसाने, स्वतःच्या हाताने द्या, एक साहेबाकडून आणि एक शिपायाकडून असं नको. व्हॉट्सअॅपवर तर अजिबात नको, कारण त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत वाडीभर फिरतो.

पुढचे पाच दिवस मला जड गेले. पत्र दिलं की विचारत बसायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. रिक्षात ताईशी मी फक्त पावसाबद्दल बोलत होते आणि तिलाही ते कळत होतं.

तिचा प्रश्न 12 तारखेला आला. "काट्याचं नाव आधी का? म्हणजे त्यांचं खरं आणि माझं नंतर तपासायचं?" माल ज्या वाटेने जातो त्या क्रमाने लिहिलं होतं, आधी काटा, मग टेबल. पण ते पत्रात कुठे सांगितलं होतं? माणसांच्या नावांचा क्रम आम्ही समजावला आणि कामाच्या जागांचा विसरलो. काकांचा प्रश्न 13 ला आला, सोबत पुतण्याला आणलं तर चालेल का? गावात तंटामुक्ती समितीसमोर बसताना घरचं माणूस सोबत असतं, म्हणून त्यांना ते साहजिक वाटलं.

दोघांना वेगवेगळं तोंडी उत्तर देणं सोपं होतं. बाई म्हणाल्या, नको, एकाला मिळालेली माहिती दुसऱ्यालाही त्याच शब्दांत मिळाली पाहिजे. म्हणून 14 जूनला चार ओळींची चिठ्ठी दोघांना दिली, या वेळी पांढऱ्या पाकिटात. "आलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे. एक: नोंदींचा क्रम मालाच्या वाटेप्रमाणे आहे, महत्त्वाप्रमाणे नाही. दोन: घरचे कोणी सोबत आले तर ते खाली वाचनालयात बसू शकतील, खोलीत तुम्ही दोघे आणि बाई असाल." कोणता प्रश्न कोणाचा हे लिहिलं नाही, त्यांनी ओळखलं असेल ते असेल.

ताईचा होकार 15 ला आला. काकांनी 16 ला संध्याकाळी साडेपाचला, जाता जाता, दारातूनच सांगितलं, "येतंय मी." मी "बरं" म्हटलं आणि मान खाली घालून वही लिहायला लागले, कारण डोळे भरून आले होते.

एकूण खर्च असा झाला: बाईंचं मानधन 2,500 रुपये, खोलीचं तीन दिवसांचं भाडं 900, बाईंच्या रिक्षाचे 360, चहा आणि कांदाभजी 180, पाकिटं 4. यातला एक रुपयाही कोणाच्या पगारातून नाही, हे मालकांकडून आधी वदवून घेतलं होतं.

20 तारखेला दोघं खोलीत पावणेदोन तास होते. आत काय झालं ते मला माहीत नाही, आणि ते तसंच राहणार आहे. बाहेर आल्यावर बाईंनी मला दोघांच्या सह्यांचा अर्धा कागद दिला. त्यावर तीन गोष्टी होत्या. प्रत्येक गाडीतली दहा फळं काट्याशेजारीच कापून बघायची, काका आणि टेबलावरचं एक माणूस अशा दोघांनी. फळ कच्चं असलं तरी सुरीला काही अंशी अंदाज येतो, पूर्ण नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून पुढे दुसरी गोष्ट होती: पिकल्यावर निघालेला साका "साका" या वेगळ्या रकान्यात लिहायचा, आणि शेऱ्यात माणसाबद्दल काही लिहायचं नाही. तिसरी, क्रेट तयार झाले की ताईने काकांना स्वतः सांगायचं.

तिसऱ्या ओळीत "ताईने" खोडून वर "ज्याच्या लक्षात येईल त्याने" असं लिहिलेलं होतं. अक्षर काकांचं होतं.

हे लिहितेय तेव्हा बागांना मोहोर आहे. नव्या वहीत साक्याचा रकाना आखून झाला आहे. दोघं एकत्र डबा खात नाहीत, तसे ते आधीही खात नव्हते. गेल्या आठवड्यात काटा तपासून शिक्का मारायला माणूस आला होता, तेव्हा काकांनी टेबलाकडे बघून हाक मारली, "अगो, दहा आंबे कापूक तुका सुरी खयची होयी ती सांग, बाजारात जातंय."